परिचय तीन मिनिटांचा आणि ओळ एकच

साहित्य संध्येत सगळ्यात जास्त वेळ कोण खातं असं आपल्याकडे कुणालाही विचारा, धुळ्यात विचारा नाहीतर चोपड्यात, बोट अध्यक्षांकडेच जातं. माझं मत वेगळं आहे. अध्यक्ष एकदाच बोलतात, ते लांबले की दिसतं, लोक घड्याळ बघतात, मागच्या रांगेतून कुणीतरी "आटपा आते भो" असं पुटपुटतं, म्हणजे निदान हिशोब तरी होतो. परिचय करून देणाऱ्याचा हिशोबच होत नाही कारण तो तुकड्यातुकड्याने वेळ घेतो, दोन मिनिटं इथे, चार मिनिटं तिथे, आणि प्रत्येक वेळी वाटतं की जाऊ दे, दोन मिनिटांनी काय होतंय.

काय होतंय ते एकदा कागदावर मांडून बघू. समजा कविसंमेलन आहे, चौदा कवी आहेत, वाचनालयाचा हॉल दोन तासांसाठी मिळालाय, म्हणजे १२० मिनिटं. प्रत्येक कवीला पाच मिनिटं दिली तर कवितांची झाली ७०. खुर्चीतून उठणं, माईक वरखाली करणं, कागद लावणं याला माणशी अर्धा मिनिट धरा, ७ मिनिटं. प्रत्येकाचा परिचय दोन मिनिटांचा, म्हणजे २८. अध्यक्षांना १५. बेरीज १२० होते, एक मिनिटही उरत नाही, आणि यात दीपप्रज्वलन नाही, प्रतिमापूजन नाही, शाल-श्रीफळ नाही, आभार नाहीत, आणि पत्रिकेत सहाची वेळ असली तरी आपल्याकडे कार्यक्रम सहाला सुरू होत नाही हे तर धरलेलंच नाही. आता हाच परिचय चाळीस सेकंदांचा केला तर चौदा जणांचे मिळून साडेनऊ मिनिटंसुद्धा होत नाहीत, आणि जे अठरा-एकोणीस मिनिटं वाचतात त्यात तीन कवी निवांत कविता म्हणू शकतात.

आता हे तीन कवी कोण, माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. वेळ कमी पडला की तो अध्यक्षांच्या भाषणातून कापला जात नाही, प्रायोजकांच्या सत्कारातून तर नाहीच नाही, तो यादीच्या शेवटच्या नावांमधून कापला जातो. आणि शेवटची नावं कुणाची असतात हे आपल्याला माहिती आहे, नवीन मुलं, खेड्यावरून आलेली एखादी आशा वर्कर किंवा शेतकरी, अहिराणीत लिहिणारे, ज्यांना परतीची एसटी पकडायचीय असे लोक. नऊ वाजून गेल्यावर त्यांना बोलावलं जातं, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, बाहेर भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं जेवण लागलेलं, आणि सूत्रसंचालक म्हणतो, ताई, वेळेअभावी एकच कविता घ्या. तिने घरून चार कविता आणलेल्या असतात. तिच्या तीन कविता कुणी खाल्ल्या? तर आधीच्या चौदा-पंधरा वेळा कुणीतरी म्हटलेल्या "यांना परिचयाची गरजच नाही, तरीपण" या वाक्याने खाल्ल्या. म्हणून मी याला शिष्टाचाराचा प्रश्न मानत नाही, हा सरळसरळ वाटणीचा प्रश्न आहे, एकाचा वेळ दुसऱ्याने घेतला आणि ज्याचा गेला त्याला ते कळतही नाही.

मग परिचय लांबतो का? लोक म्हणतात बोलघेवडा माणूस आहे म्हणून. ते अर्धवट खरं आहे. खरं कारण समितीच्या मीटिंगमध्ये असतं. व्यासपीठावर खुर्च्या सात आणि मान राखायचीत अशी माणसं पंधरा, मग ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांना काम वाटून दिलं जातं, आप्पांना प्रास्ताविक, सरांना प्रमुख पाहुण्यांचा परिचय, नानांना आभार. म्हणजे परिचय हे काम नसतंच, ती खुर्चीची भरपाई असते. त्या माणसाला वर्षभरात माईक तेवढाच मिळणार असतो, त्याची नातवंडं पहिल्या रांगेत बसून मोबाईलवर शूटिंग करत असतात, आणि तुम्ही त्याला सांगता की तीन मिनिटांत संपवा. तो कसा संपवेल? माणूस वाईट नाही, पण काम चुकीच्या कारणासाठी दिलंय. माझं म्हणणं असं की मान द्यायचाय तर सत्कार त्यांच्या हस्ते करा, पुस्तक प्रकाशनाची रिबीन त्यांच्याकडून सोडवा, पण परिचय त्यालाच द्या ज्याने त्या कवीची पुस्तकं वाचलीत. आभार देण्याची चूकही करू नका, तिथे तर कुणीच थांबवत नाही.

दुसरं कारण म्हणजे बायोडाटा. कवी आयोजकांना व्हॉट्सअॅपवर दोन पानांचा बायोडाटा पाठवतो, त्यात शिक्षण, नोकरी, प्रकाशित पुस्तकं, पुरस्कार, कोणत्या संमेलनात निमंत्रित होते ती यादी, आणि परिचय करणारा तो छापून आणून वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याला पाचव्या पुरस्कारानंतर काहीही ऐकू येत नाही. यादी डोळ्यांसाठी असते, कानांसाठी नसते. ती पत्रिकेत छापा, मागच्या फ्लेक्सवर टाका, नाहीतर सत्काराच्या वेळी मानपत्र वाचतात त्यात घाला, तिथे तिला जागा आहेच. परिचयात त्यातली एकच गोष्ट घ्यायची, आणि कोणती घ्यायची तर जिच्यामुळे पुढची कविता वेगळ्या कानाने ऐकली जाईल ती.

आणि तिसरं, संबोधनं. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय, उद्घाटक सन्माननीय, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, व्यासपीठावर उपस्थित" असं करत आठ नावं घेतली की सावकाश बोलणाऱ्याचं एक मिनिट गेलं, कवीचं नाव अजून आलेलंच नाही. यावर मला लगेच सांगितलं जातं की नाव राहिलं तर माणूस रुसतो. रुसतो, मान्य. पण ती नावं सूत्रसंचालकाने सुरुवातीला घेतलेली असतात, प्रास्ताविकात घेतलेली असतात, स्वागतात तर प्रत्येकाच्या हातात गुलाब देताना घेतलेली असतात. चौथ्यांदा तुम्ही घेतली नाहीत तर कुणाच्या लक्षातही येत नाही. "नमस्कार" म्हणायचं आणि सुरू करायचं.

आता मुख्य गोष्ट, ओळ. परिचयात कवीची एक ओळ म्हणायची असं मी नेहमी आग्रहाने सांगतो, तर काहीजण म्हणतात की तुम्हाला वेळ वाचवायचाय ना, मग ओळ कशाला, कवी म्हणेलच की त्याच्या ओळी. पण ओळ वेळ खात नाही. मराठी कवितेची एक ओळ नीट, श्वास घेऊन म्हटली तरी पाच-सहा सेकंदांत संपते. वेळ खातो तो ओळीच्या आजूबाजूचा पसारा. आधी "मला इथे त्यांची एक ओळ आठवते ती अशी की", नंतर "या ओळीतून कवीला असं म्हणायचंय की", मग राहवत नाही म्हणून पुढची ओळ, मग अख्खं कडवं, मग चाल लावून, आणि शेवटी "माझ्यासारख्या सामान्य रसिकाला". पाच सेकंदांची ओळ तीन मिनिटांची झाली. ओळ एकटी सोडून दिली तर मात्र जे काम दहा विशेषणं करत नाहीत ते ती करते, लोकांना कवीचा आवाज कसा आहे ते कळतं. "संवेदनशील", "ग्रामीण वास्तवाचं भान असलेले", "मातीशी नाळ जोडलेले" ही विशेषणं खान्देशातल्या कोणत्याही कवीला लावा, बसतात, म्हणून ती कुणालाच बसत नाहीत.

पण कोणती ओळ? इथे बहुतेक लोक घसरतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण घेऊन बघू. जिवंत कवीचं उदाहरण घेतलं तर उगाच वाद, म्हणून बालकवी घेऊ, आपल्या धरणगावचे. समजा एका वाचनालयात बालकवींच्या कवितांची संध्याकाळ आहे, शाळेतल्या एक बाई कविता वाचणार आहेत, आणि त्यांच्या आधी तुम्हाला तीन मिनिटं दिलीत.

पहिला मोह म्हणजे "आनंदी आनंद गडे" किंवा "श्रावणमासी हर्ष मानसी". ही ओळ तुम्ही अर्धी म्हणालात की हॉल उरलेली म्हणतो, शाळेत पाठ केलेली असते ना, मग टाळ्या, मग हसणं, मग कुणीतरी आजोबा दुसरं कडवं सुरू करतात. छान वाटतं, पण लोकांनी ऐकलं काय? स्वतःचाच आवाज. सगळ्यांना पाठ असलेली ओळ परिचयाला चालत नाही कारण तिच्यात नवीन काही कानावर पडत नाही आणि तिला आवर घालणंही तुमच्या हातात राहत नाही. बहिणाबाईंच्या कार्यक्रमात "अरे संसार संसार" घेतलं की हेच होतं, जळगावात तर होतंच होतं.

दुसरा मोह म्हणजे सगळ्यात भारी ओळ. "औदुंबर" कविता घ्या. आठच ओळींची आहे. सगळी म्हणायला एक मिनिटही लागत नाही, म्हणजे तीन मिनिटांचा परिचयसुद्धा त्या कवितेच्या तिप्पट होतो हे आधी लक्षात घ्या. या कवितेची शेवटची ओळ आहे "पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर". जबरदस्त ओळ आहे, पण तिथे पोचेपर्यंत कविता तुम्हाला हिरवळीतून, शेतमळ्यांतून, पांढऱ्या पायवाटेवरून काळ्या डोहाकडे नेते आणि मग ते झाड भेटतं. ती ओळ तुम्ही परिचयात आधीच म्हटलीत तर बाईंनी कितीही सुंदर वाचलं तरी शेवटी लोकांना झाड भेटत नाही, आधी बघितलेलं झाड पुन्हा दिसतं. कवितेचा शेवट उघडा पाडणं हा परिचयकर्त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा मी समजतो, वेळ लांबवण्यापेक्षा मोठा.

मग पहिली ओळ घ्यावी का, "ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन"? ती एकटी उभी राहत नाही. कोण घेऊन, काय घेऊन, ते पुढच्या ओळीत आहे, झरा तिथे येतो. ऐकणारा अधांतरी राहतो आणि तुम्हाला दुसरी ओळ म्हणावीच लागते, आणि एकदा दुसरी म्हटली की तिसरीचा रस्ता मोकळा.

मी तिसरी ओळ घेईन. "चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे". एका श्वासात येते, ऐकल्याऐकल्या पूर्ण होते, डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं, खान्देशातल्या माणसाला तर सातपुड्याच्या पायथ्याचं कुठलंतरी गावच दिसतं, आणि शेवटाबद्दल ती काहीच बोलत नाही. उलट गाव दिसलं की मनात येतं, बरं मग, पुढे काय? ऐकणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणं एवढंच परिचयाचं काम आहे.

आता सगळा परिचय लिहून बघू. "नमस्कार. आज आपण त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांच्या कविता ऐकणार आहोत. जन्म आपल्या धरणगावचा, १८९०चा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं. १९१८ मध्ये इथल्याच भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले, तिशीही गाठली नव्हती. त्यांना आपण निसर्गकवी म्हणतो, आनंदाचा कवी म्हणतो. आज ऐकताना एवढंच बघा की कविता हिरवळीतून निघते आणि थांबते कुठे. चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे. त्या गावापासून वाट कुठे जाते, ते ऐकूया बाईंकडून." बस. स्टेजवर माणूस मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो, त्या हिशोबाने हा परिचय एका मिनिटाच्या आतबाहेर संपतो, तीन मिनिटं दिलेली असताना. उरलेली दोन मिनिटं बाईंना. त्या दोन मिनिटांत "औदुंबर" दोनदा वाचता येते, आणि ती कविता दोनदा ऐकण्यासारखीच आहे.

यात मी काय गाळलं ते पण बघा. त्यांचे गुरू कोण, शिक्षण कुठे, नोकरी कुठे, कवितांची संख्या किती, कोणत्या समीक्षकाने काय म्हटलं, सगळं गाळलं. भादलीचा अपघात ठेवला कारण "आनंदाचा कवी" या शिक्क्याला त्याने छेद जातो आणि काळ्या डोहाकडे जाणाऱ्या कवितेसाठी कान तयार होतो. जळगावचं संमेलन ठेवलं कारण ऐकणारे तिथलेच आहेत, आणि खरं सांगायचं तर मला ती गोष्ट या लेखासाठीही आवडते, बालकवी हा एकच शब्द, खान्देशाने करून दिलेला बहुतेक सगळ्यात छोटा परिचय, तो कवितेच्या आधी नाही तर नंतर दिला गेला, आणि शंभर वर्षांवर होऊन गेली तरी पुसला गेलेला नाही.

जिवंत कवी समोर बसलेला असेल तर एक काम वाढतं, फोन. आदल्या दिवशी पाच मिनिटांचा फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. उद्या कोणत्या कविता वाचणार, नावाचा आणि गावाचा उच्चार कसा, आणि तुमची कोणती ओळ मी घेऊ नको. हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. गझल लिहिणाऱ्याच्या बाबतीत तर तो विचारलाच पाहिजे. शेराच्या दोन ओळी असतात, पहिली ओळ दावा मांडते किंवा उत्सुकता ताणते आणि दुसरीत तो खटका उघडतो, मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणतात ते उगाच नाही, सगळा हॉल दुसऱ्या ओळीसाठी ताटकळत ठेवायचा असतो. परिचय करणाऱ्याने अख्खा शेर म्हटला की "वा वा" त्याला मिळते आणि गझलकार तोच शेर म्हणायला उभा राहतो तेव्हा लोक शिळं हसतात. आणि फक्त पहिली ओळ म्हटली तर ती लंगडी वाटते. म्हणून गझलकाराचा परिचय करताना त्या दिवशी जी गझल तो वाचणार नाही तिच्यातलाच शेर घ्या, किंवा शेर घेऊच नका, त्याच्या मुक्तछंदातली एखादी ओळ असेल तर ती घ्या.

ओळ कुठून घ्यायची हेही सांगतो कारण त्यात फार गोंधळ चाललाय. पुस्तकातून. फॉरवर्ड आलेल्या फोटोवर कवीचं नाव लिहिलेलं असतं आणि ओळ भलत्याचीच असते, आणि समोर कवी बसलेला असतो, तो काही बोलत नाही, पण आख्ख्या कार्यक्रमात त्याचा चेहरा पडलेला राहतो. बोलीतली ओळ असेल तर जशी छापलीय तशीच म्हणायची, तिला प्रमाण मराठीत "सुधारून" घ्यायची नाही. आणि पाठ असली तरी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्यायची, कारण स्वतःचं वाक्य चुकलं तर आपण सावरतो, दुसऱ्याची ओळ चुकली तर ती सावरता येत नाही.

जागेबद्दल माझं मत असं की ओळ अगदी शेवटी नको, तिच्यानंतर कवीचं नाव यावं. ओळ शेवटी ठेवली की टाळी ओळ म्हणणाऱ्याला पडते आणि कवी त्या टाळीच्या मधूनच चालत येतो, कुणासाठी वाजतायत कळत नाही. ओळ, छोटा श्वास, मग नाव, आणि माईकपासून बाजूला. नावावर टाळी पडते आणि ती ज्याची त्याला जाते. काही चांगले सूत्रसंचालक याच्या उलट करतात, आधी नाव आणि मग ओळ, आणि कवी येईपर्यंतची शांतता ओळीने भरून काढतात. त्यांना ते जमतं कारण त्यांचा आवाज तसा असतो. बाकीच्यांनी प्रयोग करू नये.

आता माझ्याच नियमाला एक अपवाद. मी म्हटलं ओळीचा अर्थ सांगू नका, पण नंदुरबारकडे कार्यक्रम असेल, कवी भिलीत किंवा पावरीत लिहिणारा असेल आणि समोर निम्मे लोक शहरातले मराठी बोलणारे असतील, तर अर्थ सांगितलाच पाहिजे. तिथे छोट्या परिचयाचा हट्ट धरणं म्हणजे कवीला एकटं सोडणं. ओळ त्याच्याच भाषेत घ्यायची, उच्चार त्याच्याकडून फोनवर दोनदा ऐकून घ्यायचा, मग एका वाक्यात मराठीत सांगायचं, आणि कवितेत सारखे येणारे दोन-तीन शब्द, एखादं झाड, एखादा सण, एखादं भांडं, आधीच ओळखीचे करून द्यायचे म्हणजे कविता चालू असताना लोक शेजाऱ्याला विचारत बसत नाहीत. याला चार मिनिटं लागली तर लागू द्या. अहिराणीला मात्र ही सवलत लावू नका. जळगाव-धुळ्यात अहिराणी कवीचा परिचय करताना "बोलीभाषेतल्या गोड गोड कविता, समजून घ्या बरं का" असं जे लाडाने म्हटलं जातं त्याची मला चीड येते, समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांच्या घरी तीच भाषा बोलतात आणि तुम्ही त्यांना ती समजावून सांगताय.

यावर एक आक्षेप मला खरंच जड वाटतो, तो टाळत नाही. एका ज्येष्ठ कवींनी मला विचारलं होतं, की बाबा रे, आयुष्यभर शेती आणि मास्तरकी करून मी सहा पुस्तकं काढली, घरात त्यांची कुणाला किंमत नाही, वर्षातून एकदा कुणीतरी माझ्याबद्दल माईकवर चार वाक्यं चांगली बोलतं, बायको-मुलं ऐकतात, तेपण तू तीन मिनिटांत बसवणार? याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. फक्त एवढं सांगेन की त्या चार वाक्यांना माझी ना नाही, मानपत्रात ती हवीतच, सावकाश वाचा, फ्रेम करून द्या. पण त्याच संध्याकाळी यादीत खाली एक मुलगी बसलीय जिला अजून एकही पुस्तक नाही, तिच्याबद्दल तर कुणी चार वाक्यंही बोलणार नाही, तिच्याकडे फक्त तिची पाच मिनिटं आहेत. त्यांना हे सांगितल्यावर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, ठीक आहे, पण माझं पहिलं पुस्तक कोणत्या साली आलं तेवढं सांगत जा. ते मी सांगतो.

बोलता बोलता लांबतंय हे ओळखायचं कसं? आयोजकाच्या चिठ्ठीची वाट बघू नका, ती यायला फार उशीर होतो. कवीच्या हाताकडे बघा. तो तुमच्या शेजारीच बसलेला असतो, मांडीवर कवितांचे कागद असतात. तुम्ही लांबायला लागलात की तो कागद चाळतो, एक काढून मागे ठेवतो, थोड्या वेळाने अजून एक. तुमच्या डोळ्यांदेखत कविता गळत असतात. दुसरा कागद मागे गेला की जे सांगायचं राहिलंय ते मधलं सगळं सोडून द्यायचं, सरळ ओळीवर उडी, मग नाव. मधलं काय गळलं हे तुमच्याशिवाय कुणालाही कळणार नाही. याउलट जे लोक "वेळेचं भान ठेवून दोनच शब्द" असं मध्येच म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की त्या वाक्यालाही वेळ लागतोच.

घरी तालीम करताना मनात वाचू नका, मनात माणूस फार पटकन वाचतो. उभं राहून, मोठ्याने, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून वाचा, आणि जो आकडा येईल त्यात पावपट वाढवा, कारण हॉलमध्ये आवाज घुमतो, आपण सावकाश होतो, कुणीतरी उशिरा येतं आणि सगळे मागे बघतात. घरी दोन मिनिटं वीस सेकंद आले तर हॉलमध्ये ते तीनच्या जवळ जातील. घरीच तीन आले तर कापा, आणि कापायची सुरुवात विशेषणांपासून करा.

आयोजकांसाठी माझी मागणी एकच आहे. कार्यक्रमपत्रिकेची जी प्रत सूत्रसंचालकाच्या हातात असते तिच्यावर कवीच्या नावापुढे मिनिटं लिहिलेली असतात, परिचय करणाऱ्याच्या नावापुढे मात्र नुसतंच "परिचय" लिहिलेलं असतं. तिथेही आकडा टाका. आणि कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला तर ती चाळीस मिनिटं कुणाची कापायची हे तेव्हाच, पहिला दिवा लागायच्या आधी ठरवा, रात्री नऊ वाजता नाही. सगळ्यांचे परिचय निम्मे झाले तरी चालतील, शेवटच्या पाच जणांची एक कविताही कमी करायची नाही असं माईकवरून जाहीर करा, म्हणजे परिचय करणाऱ्यावर आपोआप दबाव येतो, चार लोकांसमोर जाहीर झालेलं मोडायला आपल्याकडे माणूस लाजतो.

अध्यक्षीय मनोगताचं काय, असं कुणी विचारेलच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. अमळनेरला दोन अखिल भारतीय संमेलनं झाली, १९५२ला आणि २०२४ला, मधल्या बहात्तर वर्षांतही त्यावर कुणाला काही सापडलं असेल असं मला वाटत नाही.